डोस तिसऱ्या हिश्शाने वाढला, मग रक्तातले औषध जवळजवळ चौपट कसे झाले?

साठ किलो वजनाचा एक रुग्ण फिट येऊ नये म्हणून रोज ३०० मिलिग्रॅम फेनिटोइन घेतो आहे. रक्त तपासले तर एका लिटरमागे ७.७ मिलिग्रॅम औषध सापडते. या औषधाची उपयोगी पातळी साधारणपणे १० ते २० मानली जाते, म्हणजे डोस थोडा कमी पडतो आहे. डोस ३०० वरून ४०० केला, तर पातळी किती होईल?

शाळेतल्या त्रैराशिकाने उत्तर सोपे आहे. डोस एक तृतीयांशाने वाढला, तर पातळीही एक तृतीयांशाने वाढेल आणि १० च्या थोडी वर जाईल. बहुतेक औषधांच्या बाबतीत हे उत्तर बरोबर ठरते. फेनिटोइनच्या बाबतीत मात्र या रुग्णाची पातळी हळूहळू चढत २८ च्या आसपास जाते. तोवर त्याचा तोल जाऊ लागतो, डोळ्यांची बुबुळे थरथरतात आणि बोलणे जड होते. डोस लिहिताना चूक झालेली नसते, गोळ्याही जास्त घेतलेल्या नसतात. चुकलेले असते ते त्रैराशिक.

वैद्यकीय आणि औषधनिर्माणशास्त्राच्या परीक्षांमध्ये ‘झिरो ऑर्डर’ आणि ‘फर्स्ट ऑर्डर’ यांवर हमखास प्रश्न येतो. मराठी पाठ्यपुस्तकांत यांनाच शून्य कोटी आणि प्रथम कोटी म्हणतात. उदाहरणे ठरलेली असतात: दारू आणि फेनिटोइन. पण उदाहरणे पाठ असूनही वरचा हिशेब अनेकांचा चुकतो, कारण या दोन शब्दांमागे शरीरात नेमके काय घडते ते ध्यानात घेतलेले नसते.

फर्स्ट ऑर्डर म्हणजे काय?

आधी रोजचे उदाहरण घेऊ. चहा-कॉफीतले कॅफीन शरीरातून निम्मे होण्यास निरोगी प्रौढ माणसात साधारण पाच तास लागतात. शरीरात २०० मिलिग्रॅम कॅफीन असेल, तर पाच तासांनी १०० उरेल, आणखी पाच तासांनी ५०, पुढच्या पाच तासांनी २५. पहिल्या पाच तासांत १०० मिलिग्रॅम गेले, दुसऱ्या पाच तासांत ५० आणि तिसऱ्या पाच तासांत फक्त २५. बाहेर पडणारे प्रमाण प्रत्येक वेळी बदलले, पण वाटा तोच राहिला: दर पाच तासांना निम्मे, किंवा दर तासाला जितके उरले असेल त्याच्या साधारण १३ टक्के.

हेच फर्स्ट ऑर्डर. शरीरात औषध जास्त असेल तर ते जास्त वेगाने बाहेर पडते, कमी असेल तर कमी वेगाने. त्यामुळे दोन गोष्टी आपोआप घडतात. एक, निम्मे होण्याचा वेळ, म्हणजे हाफ-लाइफ, कायम राहतो. सुरुवात २०० पासून होवो की २० पासून. दोन, रोज ठरावीक डोस घेत राहिल्यास पातळी डोसच्या प्रमाणातच वाढते. डोस दुप्पट, तर पातळी दुप्पट. बाजारातल्या बहुसंख्य औषधांचे नेहमीच्या डोसला असेच असते, म्हणून डॉक्टरांना रोजच्या कामात त्रैराशिक पुरते.

मग झिरो ऑर्डर कुठून येते?

औषध मोडण्याचे काम मुख्यतः यकृतातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, करतात. त्यांची संख्या मर्यादित असते. टोलनाक्याचे उदाहरण घ्या. नाक्यावर दहा मार्गिका आहेत. पहाटे तुरळक गाड्या येतात तेव्हा तासाला किती गाड्या नाका ओलांडतात हे येणाऱ्या गाड्यांवर ठरते. गाड्या दुप्पट आल्या, तर दुप्पट पार होतात, कारण मार्गिका रिकाम्याच आहेत. ही फर्स्ट ऑर्डरची स्थिती.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मात्र दहाही मार्गिका भरलेल्या असतात. रांग अर्धा किलोमीटर असो की दोन किलोमीटर, तासाला पार होणाऱ्या गाड्यांची संख्या तीच राहते. नाका आपल्या पूर्ण क्षमतेने चालतो आहे, त्याहून वेगाने तो चालू शकत नाही. रांग वाढली म्हणून वेग वाढत नाही. ही झिरो ऑर्डरची स्थिती. इथे दर तासाला ठरावीक वाटा नव्हे, तर ठरावीक प्रमाण बाहेर पडते.

या उदाहरणातली महत्त्वाची गोष्ट अशी की नाका दोन्ही वेळी एकच आहे. बदलली ती फक्त गर्दी. म्हणजे झिरो ऑर्डर आणि फर्स्ट ऑर्डर ही औषधांची दोन वेगळी कुळे नसून एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये विकरांच्या वेगासाठी जे समीकरण मांडले, त्यात ही दोन्ही टोके सामावलेली आहेत:

`वेग = Vmax × C ÷ (Km + C)`

इथे `C` म्हणजे रक्तातली पातळी. `Vmax` म्हणजे सगळ्या मार्गिका चालू असतानाचा सर्वाधिक वेग. `Km` म्हणजे ज्या पातळीला वेग या सर्वाधिक वेगाच्या बरोबर निम्मा असतो ती पातळी. पातळी `Km` पेक्षा खूप कमी असेल, तर छेदात `C` नगण्य ठरतो आणि वेग पातळीच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे फर्स्ट ऑर्डर. पातळी `Km` पेक्षा खूप जास्त असेल, तर `Km` नगण्य ठरतो, वर-खालचे `C` कटतात आणि वेग फक्त `Vmax` उरतो, म्हणजे झिरो ऑर्डर. एखादे औषध कोणत्या टोकाला आहे हे ठरवण्यासाठी म्हणून एकच प्रश्न विचारायचा: नेहमीच्या वापरात त्याची पातळी स्वतःच्या `Km` च्या तुलनेत कुठे असते?

दारू: रांग जवळजवळ नेहमीच लागलेली

दारू मोडणाऱ्या मुख्य विकराचे नाव अल्कोहोल डिहायड्रोजिनेज. त्याचे `Km` खूप लहान, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पातळीचे असते. दुसरीकडे पोटात जाणारी दारू असते ग्रॅमच्या हिशेबात. बहुतेक गोळ्यांत औषध काही मिलिग्रॅमपासून फार तर काहीशे मिलिग्रॅम असते. साठ मिलिलिटरच्या एका पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे २० ग्रॅम असते. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये आकारमानाने ४२.८ टक्के अल्कोहोल असते. साठ मिलिलिटरमध्ये ते २५.७ मिलिलिटर होते आणि अल्कोहोलची घनता ०.७८९ असल्याने वजन २०.३ ग्रॅम भरते. एवढा लोंढा आला की नाका पहिल्याच पेगला भरतो.

स्वीडनच्या लुंड शहरातले शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी रक्तातल्या दारूचा हा उतार मोजून त्याचे गणित बसवले. १९३२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत न्यायवैद्यकात आजही वापरली जाते. तिचे सार असे: दारू रक्तात पूर्ण शोषली गेल्यावर पातळी सरळ रेषेत उतरते. हा उतार बहुतेकांत १०० मिलिलिटर रक्तामागे दर तासाला १० ते २५ मिलिग्रॅम असतो. हिशेबासाठी १५ धरतात.

आता उदाहरण. सत्तर किलोच्या पुरुषाने तीन पेग घेतले. एकूण अल्कोहोल सुमारे ६१ ग्रॅम. ते शरीरातल्या पाण्यात पसरते. पुरुषांसाठी विडमार्कचा गुणांक सरासरी ०.६८ आहे, म्हणजे हिशेबाला ७० ऐवजी ४७.६ किलो धरायचे. भागाकार केल्यावर पातळी सुमारे १२८ मिलिग्रॅम येते. सोपे व्हावे म्हणून समजू, की रात्री १२ वाजता सगळी दारू रक्तात पोचलेली आहे. एक वाजता पातळी ११३, दोन वाजता ९८, तीनला ८३, चारला ६८, पाचला ५३, सहाला ३८. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. ही मर्यादा गाठायला त्याला सकाळचे साडेसहा वाजतील.

त्याच्याच वजनाच्या मित्राने सहा पेग घेतले. सुरुवातीची पातळी दुप्पट, २५६. फर्स्ट ऑर्डरच्या सवयीने विचार करणारा म्हणेल: तीन पेगवाल्याची पातळी निम्मी व्हायला सव्वाचार तास लागले, म्हणजे हाफ-लाइफ सव्वाचार तास, मग सहा पेगवाल्याचे २५६ सव्वाचार तासांत १२८ होतील आणि सकाळी आठपर्यंत ७० च्या आसपास येतील. प्रत्यक्षात आठ तासांत १५ च्या आठपट, म्हणजे १२० मिलिग्रॅमच उतरतात. सकाळी आठ वाजता त्याच्या रक्तात १३६ मिलिग्रॅम दारू असते. रात्री १२ वाजता तीन पेगवाल्याच्या रक्तात होती त्याहूनही जास्त. कायद्याच्या मर्यादेखाली यायला त्याला दुपारचे तीन वाजतात.

इथेच हाफ-लाइफचा शब्द निरुपयोगी ठरतो. तीन पेगवाल्याची पातळी निम्मी व्हायला सव्वाचार तास, सहा पेगवाल्याची निम्मी व्हायला साडेआठ तास. झिरो ऑर्डरमध्ये सुरुवात जितकी वरून, तितका हाफ-लाइफ लांब. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ या उताराला वेग देत नाहीत. त्याने माणूस जागा होईल, पण नाक्यावरच्या मार्गिका वाढत नाहीत.

अर्थात ही सरळ रेषा शेवटपर्यंत सरळ राहत नाही. पातळी २० मिलिग्रॅमच्या खाली गेली की विकरे मोकळी होऊ लागतात आणि रेषा वाकून फर्स्ट ऑर्डरच्या वळणावर येते. शिवाय थोडी दारू श्वास, घाम आणि लघवीवाटे न मोडताच बाहेर पडते आणि तिच्यावर विकरांची मर्यादा नसते. तरी प्यायलेल्या माणसाच्या बहुतेक तासांसाठी झिरो ऑर्डर हे वर्णन पुरेसे अचूक आहे. मात्र १० ते २५ हा माणसामाणसातला फरक मोठा असल्याने या गणितावरून स्वतःला गाडी चालवायची मुभा देणे धोक्याचे आहे. दर तासाला १० मिलिग्रॅम मोडणाऱ्या माणसाला तीन पेगनंतर साडेसहा नव्हे, जवळजवळ दहा तास लागतात.

फेनिटोइन: ऐन उपचाराच्या पट्ट्यातच नाका भरतो

फेनिटोइन अपस्मारावर १९३८ पासून वापरले जाते. ते मोडणाऱ्या मुख्य विकराचे नाव सीवायपी२सी९. प्रौढांमध्ये त्याचे `Km` सरासरी ४ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि `Vmax` सरासरी प्रति किलो वजनाला दिवसाला ७ मिलिग्रॅम धरतात. उपचाराची पातळी आहे १० ते २०. म्हणजे औषध उपयोगी ठरू लागते तेव्हा पातळी `Km` च्या अडीचपट असते आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाला पाचपट. दारूसारखा नाका पहिल्यापासून गच्च भरलेला नाही, पण पहाटेसारखा रिकामाही नाही. तो भरत आलेला आहे. म्हणून फेनिटोइनला नुसते ‘झिरो ऑर्डर औषध’ म्हणणे अर्धेच खरे आहे. कमी पातळीला ते फर्स्ट ऑर्डरने वागते, वरच्या पातळीला झिरो ऑर्डरकडे झुकते आणि उपचार नेमका या दोहोंमधल्या चढावर चालतो.

आता सुरुवातीच्या रुग्णाचा हिशेब करता येतो. वजन ६० किलो, म्हणून `Vmax` दिवसाला ४२० मिलिग्रॅम. गोळीत असते फेनिटोइन सोडियम, त्यात प्रत्यक्ष फेनिटोइन ९२ टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत २७६ मिलिग्रॅम. रोज घेतलेले आणि रोज मोडलेले औषध सारखे झाले की पातळी स्थिर होते. ही स्थिर पातळी अशी निघते:

`Css = Km × R ÷ (Vmax − R)`

यात `R` म्हणजे रोज शरीरात जाणारे फेनिटोइन. आकडे घातल्यावर चित्र असे दिसते:

| रोजचा डोस (मिलिग्रॅम) | स्थिर पातळी (मिलिग्रॅम प्रति लिटर) |
|---|---|
| १०० | १.१ |
| २०० | ३.१ |
| ३०० | ७.७ |
| ३५० | १३.१ |
| ४०० | २८.३ |

पहिल्या शंभराने पातळी १.१ झाली. चौथ्या शंभराने ती २० पेक्षा जास्त वाढवली. सगळी गोम छेदातल्या वजाबाकीत आहे. डोस `Vmax` च्या जवळ जातो तसा छेद लहान होतो: ३०० ला तो १४४ आहे, ३५० ला ९८, ४०० ला फक्त ५२. टोलनाक्याच्या भाषेत, शिल्लक राहिलेली क्षमता संपत चालली आहे. डोस ४५० केला तर छेद ६ उरतो आणि गणिती पातळी पावणेतीनशेवर जाते. त्याहून थोडा जास्त डोस दिला तर छेद उणे होतो. त्याचा अर्थ असा, की रोज आत येणारे औषध मोडण्याच्या क्षमतेपेक्षाच जास्त आहे आणि पातळी कधीच स्थिर होणार नाही, चढतच राहील.

म्हणून फेनिटोइनचा डोस ३०० च्या आसपास पोचल्यावर एकदम शंभराने वाढवत नाहीत. २५ ते ५० मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी चढतात.

लवकर केलेली तपासणी का फसवते?

फर्स्ट ऑर्डरच्या औषधाची पातळी चार-पाच हाफ-लाइफमध्ये स्थिर होते आणि डोस कितीही असला तरी तेवढाच वेळ लागतो. फेनिटोइनमध्ये हा वेळही डोसप्रमाणे ताणला जातो. याच रुग्णाचे औषध शरीरातल्या सुमारे ३९ लिटरमध्ये पसरते असे धरले, तर शून्यापासून सुरुवात करून स्थिर पातळीच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला ३०० च्या डोसला साधारण ५ दिवस लागतात, ३५० ला ११ दिवस आणि ४०० ला तब्बल ३७ दिवस.

याचा परिणाम पाहा. डोस ३०० वरून ४०० केला आणि आठवड्याने रक्त तपासले. पातळी आली १६ ते १७. उपचाराच्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर. डॉक्टर आणि घरचे सगळेच निश्चिंत होतात, तोच डोस पुढे चालू राहतो. दोन आठवड्यांनी पातळी २० ओलांडते. महिन्याने ती २५ च्या घरात असते आणि अजून चढतच असते. जिना उतरताना रुग्णाचा तोल जातो तेव्हा कुणाला औषधाची शंका येत नाही, कारण ‘तपासणी तर नॉर्मल होती’. ती तपासणी चुकीची नव्हती. ती चढाच्या मध्यावर काढलेला फोटो होती.

ओळखायची खूण डोळ्यांत आणि चालण्यात असते. पातळी २० च्या वर गेल्यावर बाजूला पाहताना बुबुळे झटके देऊ लागतात, ३० च्या आसपास चाल झोकांड्या खाते, ४० च्या पुढे झोप आणि गोंधळ वाढतो. हे आकडे प्रत्येकात थोडे पुढे-मागे होतात. तरी फेनिटोइन घेणाऱ्या माणसाची चाल अलीकडे बिघडली असेल, तर आधीचा रिपोर्ट दाखवून समाधान मानण्याऐवजी डॉक्टरांकडे जाऊन पातळी पुन्हा पाहणे हाच मार्ग. गोळी मनाने एकदम बंद करणे मात्र घातक आहे, कारण त्याने सलग फिट येऊ शकतात.

ब्रिस्बेनमध्ये डोस न बदलता विषबाधा

१९६८ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात फेनिटोइन घेणाऱ्या अनेक रुग्णांमध्ये एकाएकी विषबाधेची लक्षणे दिसू लागली. डोस वाढवलेला नव्हता. शोध घेतल्यावर कळले, की कॅप्सूलमध्ये औषधासोबत भरण्यासाठी वापरली जाणारी पूड बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट असे, त्याजागी लॅक्टोज आले. कॅल्शियम सल्फेटमुळे फेनिटोइनचे शोषण काही प्रमाणात अडत होते. लॅक्टोजने ते अडवले नाही. कॅप्सूलवरचा आकडा तोच राहिला, पण रक्तात जाणारे औषध वाढले.

फर्स्ट ऑर्डरच्या औषधात शोषण थोडे वाढले तर पातळीही थोडीच वाढते. फेनिटोइनमध्ये काय होते ते आपल्याच रुग्णावर पाहता येईल. समजा, ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून आधी ८५ टक्केच औषध शोषले जात होते. तेव्हा स्थिर पातळी ११.७ असती, म्हणजे उत्तम. शोषण १०० टक्के झाले की तीच पातळी २८.३ होते. शोषणातला लहानसा फरक, पातळीतला फरक अडीचपटीच्या जवळ. आज फेनिटोइनचा ब्रँड मधेच बदलू नये, बदललाच तर पातळी तपासावी असे सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड किंवा बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल सुरू केल्यावर फेनिटोइन चढते, त्याचेही कारण त्याच सूत्रात आहे. ही औषधे फेनिटोइन मोडण्याचा वेग कमी करतात, म्हणजे नाक्यावरच्या काही मार्गिका बंद पाडतात.

परीक्षेतला प्रश्न कसा सोडवायचा?

पहिली नजर एककावर. प्रश्नात ‘दर तासाला १० मिलिग्रॅम’ असे दिले असेल तर झिरो ऑर्डर. ‘दर तासाला १० टक्के’ किंवा नुसते ‘०.१ प्रति तास’ असेल तर फर्स्ट ऑर्डर. दुसरी नजर आलेखावर. साध्या कागदावर पातळी सरळ रेषेत उतरत असेल तर झिरो ऑर्डर. साध्या कागदावर वक्र, पण पातळीचा लॉगरिदम घेतल्यावर सरळ होत असेल तर फर्स्ट ऑर्डर. तिसरी नजर हाफ-लाइफवर. पातळी उतरताना तो कायम राहिला तर फर्स्ट ऑर्डर, आखूड होत गेला तर विकरे भरलेली होती. आपल्या फेनिटोइनच्या रुग्णाचे औषध २८ वर असताना थांबवले, तर १४ पर्यंत यायला साधारण ३७ तास लागतात, १४ वरून ७ ला २२ तास, ७ वरून साडेतीनला १४ तास. ‘फेनिटोइनचा हाफ-लाइफ २२ तास’ हे पुस्तकातले वाक्य म्हणजे या उतरणीवरचा एक टप्पा आहे.

एक सापळा सलाईनचा. ‘तासाला ५ मिलिग्रॅम औषध सलाईनमधून सोडले’ यात झिरो ऑर्डर आहे, पण ती औषध आत येण्याची. त्यावरून ते बाहेर कसे पडते याचा काहीच निष्कर्ष निघत नाही.

थोडा वरच्या दर्जाचा प्रश्न असा असतो: ३०० च्या डोसला पातळी ७.७, ३५० ला १३.१, पातळी १५ हवी तर डोस किती? आधी दोन्ही वेळचे फेनिटोइन पातळीने भागायचे. २७६ ला ७.७ ने भागून सुमारे ३६, ३२२ ला १३.१ ने भागून सुमारे २४.५. डोसमधला फरक ४६, या भागाकारांमधला फरक ११.५, ४६ ला ११.५ ने भागले की ४, हे रुग्णाचे `Km`. मग २७६ मध्ये ४ गुणिले ३६, म्हणजे १४४ मिळवले की ४२०, हे `Vmax`. आता १५ च्या पातळीला रोज मोडले जाणारे औषध: ४२० गुणिले १५, भागिले १९, म्हणजे सुमारे ३३२ मिलिग्रॅम. गोळीतल्या सोडियमसह ते ३६० होते.

उत्तर ३६०. म्हणजे १३ वरून १५ वर जायला फक्त १० मिलिग्रॅमची वाढ. हा हिशेब दोन्ही पातळ्या खरोखर स्थिर झाल्यावर मोजलेल्या असतील तरच बरोबर येतो, आणि रक्तातले अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण पातळीचा आकडाच दिशाभूल करतो. म्हणून प्रत्यक्षात डॉक्टर या आकड्यावर डोळे झाकून विसंबत नाहीत. डोस लहान पायरीने वाढवतात, काही आठवडे थांबतात आणि पातळी पुन्हा मोजतात.